हजेरी संगणकावर नेण्याचा खर्च: मुख्याध्यापकांना द्यायच्या प्रस्तावात काय लिहावं?

वर्गाची हजेरी साध्या डेटाबेसमध्ये ठेवायचा प्रस्ताव मुख्याध्यापकांपुढे ठेवताना सॉफ्टवेअरच्या वर्णनात पानं घालवू नका. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. पैसे किती लागतील, कोणाचं काम वाढेल आणि तपासणीला अधिकारी आले तर समोर काय ठेवायचं? दोन पानी टिपणीत या तिन्हींची उत्तरं हवीत.

पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या आणि तुकडीत 50 मुलं, अशी 600 विद्यार्थ्यांची शाळा उदाहरणाला घेऊ. कार्यालयात संगणक आणि प्रिंटर आहेत असं धरू. SQLite किंवा LibreOffice Base यांना परवाना शुल्क नाही. खरेदी उरते ती बॅकअपसाठी दोन पेनड्राइव्ह, थोडा कागद, टोनर आणि नसेल तर एक यूपीएस. साधारण पाच-सहा हजारांत हे बसावं, पण टिपणीला स्थानिक दुकानाचं दरपत्रक जोडाच. डेटाबेस बाहेरच्या माणसाकडून करून घेणार असाल तर त्याची मजुरी आणि वर्षभराची दुरुस्ती या दोन ओळी वेगळ्या दाखवा. दुसरी ओळ बहुतेक प्रस्तावांत राहून जाते.

खरा खर्च वेळेचा आहे. सगळ्यांची हजेरी भरायची नाही, फक्त गैरहजर मुलं नोंदवायची. रोज आठ टक्के मुलं गैरहजर धरली तर 48 नोंदी होतात. वर्गशिक्षक पहिल्या तासाला चिठ्ठीवर गैरहजरांचे हजेरी क्रमांक लिहून सही करतील, शिपाई चिठ्ठ्या कार्यालयात आणेल, लिपिक त्या भरेल. याला रोज 20 मिनिटं लागली तर 220 दिवसांत सुमारे 73 तास होतात. उलट बाजूला महिनाअखेरीच्या आडव्या-उभ्या बेरजा आहेत: 12 वर्गशिक्षक, प्रत्येकी दीड तास, 10 महिने, म्हणजे 180 तास. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. आपल्या शाळेतल्या दोन शिक्षकांना एका महिन्याची बेरीज घड्याळ लावून करायला सांगा आणि तो आकडा लिहा. मात्र वाचलेला वेळ शिक्षकांचा आणि वाढलेला वेळ लिपिकाचा, हे टिपणीत स्पष्ट लिहा. त्या 20 मिनिटांच्या बदल्यात लिपिकाचं कोणतं काम कमी करणार, ते ठरल्याशिवाय प्रस्ताव पुढे नेणं अन्यायाचं होईल.

फक्त गैरहजेरी नोंदवण्यात एक धोका आहे. आठवी ‘ब’ची चिठ्ठी एखाद्या दिवशी आलीच नाही, तर संगणकाच्या हिशेबी तो वर्ग शंभर टक्के हजर! म्हणून तीन तक्ते लागतात: विद्यार्थी, गैरहजेरी आणि ‘कोणत्या तुकडीची चिठ्ठी कोणत्या दिवशी मिळाली’ याचा तिसरा. या तिसऱ्यात नोंद नसेल तर त्या तुकडीचा तो दिवस ‘बाकी’ दिसला पाहिजे. लिपिकाने दुपारी बाकी तुकड्यांची यादी काढली की चूक त्याच दिवशी सापडते.

विद्यार्थ्याची ओळख जनरल रजिस्टर क्रमांकाने ठेवा. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, तुकडी बदलली की मध्येच बदलतो, आणि मग एकाची गैरहजेरी दुसऱ्याच्या खात्यात जाते. प्रवेशाची तारीखही हवी. समजा, नववीतली एक मुलगी 30 कामाचे दिवस उलटल्यावर आली. 200 पैकी तिच्या वाट्याला 170 दिवस आले आणि ती 34 दिवस गैरहजर राहिली. तिची उपस्थिती 170 पैकी 136, म्हणजे 80 टक्के. भागाकार 200 ने केला तर 68 टक्के दिसते, आणि नियमित शाळेत येणाऱ्या मुलीच्या घरी कमी उपस्थितीचं पत्र जातं.

व्याप्ती लहान ठेवा. शिक्षकांचं मस्टर, गुण, फी, बायोमेट्रिक यांपैकी काहीही पहिल्या वर्षी नको. पालकांना आपोआप एसएमएस जावा अशी मागणी येईलच, पण त्यासाठी डीएलटी नोंदणी आणि प्रत्येक संदेशाचा खर्च येतो, तो विषय वेगळा. आधार क्रमांक किंवा जातीची माहिती या तक्त्यांत लागतच नाही, म्हणून भरू नका.

कागद मात्र पूर्ण जाणार नाही. दर महिन्याला प्रत्येक तुकडीचा हजेरीपट छापून वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची आणि वर्षअखेरीला बांधून ठेवायचा. तुकडीला दोन पानं धरली तर 10 महिन्यांत 240 पानं, म्हणजे 500 कागदांच्या एका रिममध्ये वर्ष निघतं. तपासणीला हीच बांधलेली प्रत दाखवता येईल, मात्र तिला मान्यता आहे ना, हे शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून आधी लेखी घ्या.

टिपणीतली मागणी अशी लिहिता येईल:

‘मा. मुख्याध्यापक यांस, जुलै महिन्यात आठवीच्या दोन्ही तुकड्यांची हजेरी नेहमीच्या हजेरीपटावर आणि संगणकावर, दोन्हीकडे ठेवण्यास परवानगी मिळावी. महिनाअखेरीला प्रत्येक विद्यार्थ्याचे हजर दिवस ताडून पाहू. फरक आढळल्यास त्याचे कारण लेखी देऊ. दोन्ही आकडे जुळल्यानंतरच उरलेल्या दहा तुकड्यांचा विचार व्हावा. तोपर्यंत सध्याचे हजेरीपट बंद करू नयेत.’