पाचवा खांब

रत्नागिरी तालुक्यातल्या एका जांभ्याच्या घराचं चित्र मालकांना दाखवायचं होतं. घर बांधायचं होतं, म्हणजे फोटो काढायला अजून काही नव्हतं. स्केचअपमधलं साधं मॉडेल, त्याची रेषांची प्रत आणि स्टेबल डिफ्यूजन यांवर एका संध्याकाळी आम्ही २४ चित्रं काढली. आकार धरून ठेवायला कंट्रोलनेट जोडलं होतं. मग त्यातून एक निवडायला मी एक्सेलमध्ये तक्ता केला: भूमिती, साहित्य, प्रकाश, खरेपणा. प्रत्येकी ५ गुण, एकूण २०. त्या तक्त्याने मला पहिल्याच फेरीत तोंडघशी पाडलं. पुढे जे लिहितो आहे ते त्या घरामुळे आणि त्यानंतरच्या काही कामांमुळे कळलेलं.

१. भूमितीला गुण द्यायचे नसतात

पहिल्या फेरीत १७ नंबरचं चित्र जिंकलं. भूमिती ३, बाकी तिन्ही रकान्यांत ५, एकूण १८. दुसरा आला ६ नंबर, एकूण १६, पण त्याची भूमिती पुरी ५ होती. बेरजेने सांगितलं म्हणून १७ पाठवलं. मालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी प्रिंट काढून सुताराकडे नेलं. दोन दिवसांनी सुताराचा फोन आला, पडवीच्या लाकडाचा हिशेब घेऊन. त्याने पाच खांब धरले होते. आमच्या नकाशात चार आहेत.

मला पाचवा खांब दिसला नव्हता असं नाही. दिसला होता, त्याचेच मी दोन गुण कापले होते. चूक तिथेच होती. खांब एक जास्त असणं म्हणजे चित्र थोडं कमी चांगलं असणं नव्हे, ते दुसऱ्याच घराचं चित्र असणं. प्रकाश कितीही सुंदर असला तरी त्याची भरपाई होत नाही, आणि बेरीज नेमकी तीच भरपाई करत बसते.

आता भूमिती हा रकाना नाही, दरवाजा आहे. पाच प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. खांब चार आहेत का? पायऱ्या तीन आहेत का? दार आणि दोन खिडक्या जागच्या जागी आहेत का? आढ्याची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते का? जोत्याची आणि वळचणीची रेघ मूळ रेषेवर बसते का? एक जरी ‘नाही’ आलं तरी चित्र बाद, पुढचे गुण भरायचेच नाहीत.

शेवटचे दोन प्रश्न नुसत्या डोळ्यांनी सुटत नाहीत. मूळ रेषाचित्र त्याच मापाचं घेऊन फोटोशॉपमध्ये चित्रावर ठेवायचं आणि लेयर Multiply करायचा. पांढरा कागद नाहीसा होतो, काळ्या रेषा तेवढ्या राहतात. मग तो लेयर भराभर चालू-बंद करायचा. जे हललं आहे ते उडी मारताना दिसतं. त्याआधी आणखी एक करतो: चित्र कृष्णधवल करतो. संध्याकाळचा सोनेरी रंग गेला की खांब मोजायला मन तयार होतं.

२. साहित्य ओळखायचं नाही, मोजायचं

‘जांभा वाटतो’ एवढ्यावर मी पूर्वी ५ देत असे. रंग तांबडा, भोकं पडलेली, झालं. पण साइटवर आलेला चिरा ७ इंच उंच होता. अर्ध्या इंचाची दर्ज धरली तर एक थर साडेसात इंचांचा होतो. सात फुटी दाराच्या चौकटीशेजारी साधारण ११ थर बसायला हवेत. १७ नंबरच्या चित्रात मी नंतर मोजले: सहा. म्हणजे एकेक चिरा चौदा इंच उंच. असला चिरा दोन गड्यांनाही उचलायला जड. पाहणाऱ्याला हे सांगता येत नाही, पण घर त्याला लहान वाटतं, बाहुलीच्या घरासारखं, आणि तो म्हणतो, ‘काहीतरी खटकतंय.’

कौलांचं उलट होतं. सुताराने रिपा सुमारे फुटा-फुटावर धरल्या होत्या आणि छपराचा उतार १२ फुटांचा. म्हणजे कौलांच्या बारा ओळी. चित्रांत वीस-बावीस ओळी सर्रास येतात आणि छप्पर माशाच्या खवल्यांसारखं दिसतं. मंगलोरी कौलाची स्वतःची खाच आणि पन्हळ असते. ती नुसती लाटेसारखी गोल आली तर ते कौल परदेशातल्या कुठल्या तरी घराचं असतं.

म्हणून आता साहित्याच्या रकान्याला पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या चित्रं काढण्याआधी लिहितो. थर नि ओळी मोजून जुळल्या आणि कोपऱ्यावर सांधे एकाआड एक फिरले तर ५. रंग-पोत बरोबर पण माप चुकलं तर ३. कोणता दगड आहे तेच सांगता येत नसेल तर १. चित्रं समोर आल्यावर पायऱ्या ठरवायला बसलं की आवडत्या चित्राला सोयीची पायरी सुचते. माझ्याकडून दोनदा झालं आहे.

३. सूर्य कुठे आहे ते आधी विचारा

हा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला, आणि सगळ्यात जास्त लाजही याचीच वाटते.

अण्णांच्या घराचं तोंड उत्तरेला आहे. २४ पैकी जवळजवळ सगळ्या चित्रांत समोरच्या पडवीवर तिरपं सोनेरी ऊन पडलेलं होतं, आणि आम्ही सूचनेत लिहिलं होतं हिवाळ्यातली संध्याकाळ. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या २३ तारखेच्या सुमारापासून मार्चच्या २१ पर्यंत तिथे सूर्य दक्षिणेकडे झुकून उगवतो नि तसाच मावळतो. त्या सहा महिन्यांत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन येतच नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं येतं. भर दुपारी सूर्य उत्तरेकडे असतो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्यातला बराच काळ तिकडे आभाळ भरलेलं असतं. म्हणजे आम्ही ज्या प्रकाशाला ५ दिले तो प्रकाश त्या पडवीला हिवाळ्यात कधीच मिळणार नव्हता. अण्णा मात्र तिथे थंडीत सकाळी उन्हात पेपर वाचत बसायचं म्हणत होते.

आता प्रकाशाच्या रकान्याच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहितो: घराचं तोंड, महिना, वेळ. समोरच्या बाजूवर अशक्य ऊन असेल तर कितीही देखणं असो, २ च्या वर गुण नाहीत. उत्तरेच्या पडवीत खरा जो उजेड येतो तो आभाळाचा, मऊ, आणि खाली तांबडी माती असली तर छपराच्या आतल्या बाजूला हलकी तांबूस झाक येते. ती झाक ज्या चित्रात आली त्याला मी हसत ५ दिले.

दुसरी तपासणी सोपी आहे. खांबाची सावली कुठे पडली ते पाहायचं, मग माडाची. दोन्हींचा सूर्य वेगळा निघाला तर ३ च्या खाली. आणि सावलीच नाही पण खांबाची एक कड चमकते आहे, हेही होतं. त्यालाही तेच.

४. खरेपणा शेवटी, आणि आडव्या ओळीत नाही

एक चित्र घेऊन त्याचे चारही रकाने भरायचे ही माझी जुनी पद्धत. तिच्यात एक गोष्ट दरवेळी व्हायची: प्रकाश आवडला की साहित्यही ५, खरेपणाही ५. पहिल्या तक्त्यात १७ ला भूमिती सोडून सगळीकडे ५ होते ते त्यामुळेच. आता रकाना उभा भरतो. आधी सगळ्या चित्रांचं फक्त साहित्य. मग चहा. मग क्रम बदलून सगळ्यांचा फक्त प्रकाश. खरेपणा दुसऱ्या दिवशी.

खरेपणासाठी एकच प्रश्न ठेवला आहे: हे रस्त्यावर उभं राहून कोणी मोबाइलवर काढलं असेल का? अंगणातल्या खडीपासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं सारखंच टोकदार असेल तर नाही. पोफळीची झावळी खोडाला न लागता हवेतून निघाली असेल तर नाही. माणूस ठेवलाच असेल तर त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि त्याची उंची दाराशी ताडून पाहायची.

५. सगळी नापास झाली तर तक्त्याचा दोष नाही

दरवाजाचा नियम लावून तीच २४ चित्रं पुन्हा तपासली तेव्हा १९ बाद झाली. माझी पहिली ऊर्मी होती आणखी शंभर काढायची. सहकारी म्हणाली, ‘शंभरात ऐंशी बाद होतील, तेच खांब मोजत रात्र घालवू.’ तिचं बरोबर होतं. Denoising strength ०.६५ वर होतं, म्हणजे मूळ चित्र बरंच पुसून नव्याने काढायची मुभा. ते ०.४५ वर आणलं. शिवाय कंट्रोलनेटला फक्त डेप्थ मॅप देत होतो. त्यात छपरासारखे मोठे आकार टिकतात, बारीक खांब निसटतात, म्हणून सोबत कडांची रेषाही दिली. पुढच्या २४ मध्ये सात बाद झाली. आता फाइलच्या नावातच सगळं येतं, नाहीतर चांगलं चित्र पुन्हा काढता येत नाही:

```
padvi_s48213_cw080_dn045.png
```

s म्हणजे सीड, cw कंट्रोलचं वजन, dn डिनॉइज.

६. दुरुस्त काय होतं, ते पाहून निवडा

दुसऱ्या फेरीत २० नंबरला साहित्य ३, प्रकाश ५, खरेपणा ४ मिळाले, म्हणजे १२. नऊ नंबरला ४, ४, ३, म्हणजे ११. एका गुणाच्या फरकावर मी काही ठरवत नाही. सहकारिणीनेही स्वतंत्र गुण भरले होते, तिच्याकडे नऊ वर होता. कारण शोधलं तर ती २० च्या कौलांवर नाराज होती, आणि रास्तच: ओळी दुप्पट होत्या. पण कौलं मास्क करून तेवढाच भाग पुन्हा काढता येतो. नऊमधला सपाट उजेड सुधारायचा तर अख्खं चित्र पुन्हा काढावं लागतं. म्हणून २० घेतलं.

छप्पर चौथ्या प्रयत्नात बसलं. तेव्हा वळचणीची रेघ दोन पिक्सेल नव्हे, चांगली बोटभर खाली आली होती, ती रेषाचित्र वर ठेवल्यावरच कळली. दुरुस्तीनंतर चित्र पुन्हा दरवाजातून न्यायचं, हे तेव्हापासून लागू केलं.

अण्णांना ते चित्र दिलं. त्यांनी चष्मा चढवून आधी खांब मोजले, मोठ्याने, एक ते चार. मग बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘सगळं बरोबर आहे रे. पण दार उजव्या हाताला उघडतंय. बिजागऱ्या डावीकडे ठरल्या होत्या ना?’

दरवाजाच्या यादीत आता सहावा प्रश्न आहे.