दोन रजा किंवा दोन बुकिंग किती दिवस एकमेकांवर येतात? एक ओळीचा फॉर्म्युला

कालच्या व्हिडिओत फॉर्म्युला पटकन दाखवला, त्यामुळे "सर, तो +1 कुठून आला?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून आज सावकाश लिहितोय. शीट उघडून सोबतच करा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. माझं दुकान डोंबिवलीत आहे आणि काउंटरवर दोघं असतात, एक कुडाळचा मुलगा आणि एक चिपळूणच्या ताई. म्हणजे गणपतीत दोघंही गावाला जाणार, हे ठरलेलंच. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. मुलाने 25 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर रजा मागितली, ताईंनी 30 ऑगस्ट ते 7 सप्टेंबर. मी मनातल्या मनात हिशोब केला: तीस ते तीन, म्हणजे चार दिवस दोघंही नाहीत. चार दिवसांसाठी बदली माणूस सांगितला. 3 तारखेला सकाळी शटर उघडलं तेव्हा काउंटरवर मी एकटा! माल उतरवायचा, गिऱ्हाईक बघायचं, पैसे घ्यायचे, सगळं एकट्याने. दुपारपर्यंत किती गिऱ्हाइकं परत गेली ते मोजायचीही हिंमत झाली नाही.

आता बोटं मोडून मोजा: 30, 31, 1, 2, 3. पाच दिवस होतात. मी वजाबाकी केली होती, आणि वजाबाकी दोन तारखांमधलं अंतर सांगते, दिवसांची संख्या नाही. कुंपणाला चार फटी असतील तर खांब पाच लागतात, तसंच हे. रजेत पहिला दिवसही रजेचा आणि शेवटचाही रजेचा, म्हणून एक मिळवायचा. तोच हा +1.

पण वजाबाकी नेमकी कोणत्या दोन तारखांची करायची? कागदावर दोन आडव्या रेघा काढा, एकाखाली एक. वरची मुलाची रजा, खालची ताईंची. दोघंही नाहीत ही वेळ कधी सुरू होते? जो उशिरा जातो तो गेल्यावर, म्हणजे 30 ऑगस्टला. ती कधी संपते? जो आधी परत येतो त्याच्या रजेच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे 3 सप्टेंबरला. सुरुवातींमधली मोठी तारीख आणि शेवटांमधली लहान तारीख, बस्स. एक रजा दुसरीच्या पूर्ण पोटात असली, आधी कोण गेलं ते उलट झालं, तरी नियम तोच राहतो. मी आधी यासाठी IF मध्ये IF लावत बसायचो आणि एखादी शक्यता हमखास सुटायची.

शीटमध्ये A मध्ये नाव, B मध्ये रजा सुरू, C मध्ये रजेचा शेवटचा दिवस. दुसऱ्या ओळीत मुलगा, तिसऱ्या ओळीत ताई. मग हे टाका:

```
=MAX(0,MIN(C2,C3)-MAX(B2,B3)+1)
```

उत्तर 5 येईल. एक्सेल असो वा गूगल शीट्स, दोन्हीकडे चालतं. उत्तराच्या जागी 1900 सालची तारीख दिसली तर घाबरू नका, त्या सेलचा फॉरमॅट तारखेचा झालाय, तो Number करा.

सुरुवातीचा MAX(0 कशाला, ते बघा. समजा मुलाची रजा 28 ऑगस्टलाच संपली असती. 28 मधून 30 वजा, अधिक 1, उत्तर उणे 1. दोघांच्या रजा एकमेकांवर आल्याच नाहीत, मग "उणे एक दिवस" कसला? नुसतं दिसायला वाईट, असं नाही. वर्षभराच्या रजांची बेरीज केलीत तर हे उणे आकडे खऱ्या दिवसांना खाऊन टाकतात. म्हणून शून्याच्या खाली जाऊच द्यायचं नाही.

तुमची साप्ताहिक सुट्टी असेल तर बंद दिवशी कोण नाही याने फरक पडत नाही. गणपतीत आम्ही दुकान बंद ठेवत नाही, पण एरवी सोमवार बंद असतो. तेव्हा मी हे वापरतो. 12 म्हणजे फक्त सोमवार सुट्टी (फक्त रविवार असेल तर 11):

```
=MAX(0,NETWORKDAYS.INTL(MAX(B2,B3),MIN(C2,C3),12))
```

यात +1 नाही, कारण हे फंक्शन दोन्ही टोकं स्वतःच मोजतं.

आता बुकिंगकडे. इथे लोक रजेचा फॉर्म्युला जसाच्या तसा उचलतात आणि फसतात. माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं कोकणात दोन खोल्यांचं होमस्टे आहे. एका खोलीत 12 ते 15 डिसेंबर पाहुणे होते. दुसऱ्यांनी तीच खोली 15 ते 18 साठी विचारली. शीटने सांगितलं, 1 दिवस एकमेकांवर येतोय. ताईंनी नाही म्हटलं आणि तीन रात्रींचं भाडं गेलं. खरं तर पहिले पाहुणे 15 ला सकाळी खोली सोडणार होते आणि नवीन दुपारी येणार होते! खोली रात्रीवर विकली जाते. 15 ची रात्र पहिल्यांची नाहीच. म्हणून खोलीसाठी +1 काढून टाका:

```
=MAX(0,MIN(C2,C3)-MAX(B2,B3))
```

उत्तर 0, म्हणजे बिनधास्त बुकिंग घ्या. पण तुम्ही खुर्च्या किंवा मोठी भांडी भाड्याने देत असाल आणि ती संध्याकाळी परत येत असतील, तर तो दिवस त्या गिऱ्हाइकाचाच. तिथे +1 हवाच. फॉर्म्युला लिहायच्या आधी स्वतःला एकच विचारा: शेवटच्या तारखेला ती वस्तू दुसऱ्याला देता येते का?

शेवटचं, आणि हे सगळ्यात फसवं. ताईंची तारीख व्हॉट्सअॅपवरून कॉपी करून "30 ऑगस्ट" अशी टाकली, तर शीटला ती तारीख नाही, नुसती अक्षरं वाटतात. एरर येईल असं वाटेल, पण येत नाही! सेलमध्ये अक्षरं असली की MAX ती गुपचूप सोडून देतो, मग सुरुवात 25 ऑगस्ट धरली जाते आणि उत्तर 5 ऐवजी 10 येतं. शेवटची तारीख रिकामी ठेवली तरी असंच, MIN दुसऱ्याचीच तारीख उचलतो. ओळखायचं कसं? खरी तारीख आपोआप सेलच्या उजव्या कडेला चिकटते, अक्षरं डावीकडे. खात्री करायची तर रिकाम्या सेलमध्ये हे टाका:

```
=ISNUMBER(B3)
```

FALSE आलं की तारीख हाताने पुन्हा टाइप करा. आणि शीट अमेरिकन पद्धतीवर असेल तर 03/09/2025 म्हणजे 3 सप्टेंबर नाही, 9 मार्च होतो, आणि उत्तर थेट 0. गूगल शीट्समध्ये File, मग Settings मध्ये जाऊन Locale ला India निवडा. हे तारखा भरायच्या आधी करा, कारण आधी चुकीच्या वाचलेल्या तारखा त्याने सरळ होत नाहीत.