हात वर करायला लावू नका

रस्ता सुरक्षा महिन्यात शाळा-कॉलेजांत बोलायला जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात भाषण होतं. सुरुवात मी ठरवून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी कार्यक्रम बघणाऱ्या सरांचा फोन आला, "आकडे-बिकडे नकोत, प्रश्नाने सुरुवात करा. गाडीवर कोण कोण येतं, हेल्मेट कोण घालतं, हात वर करायला लावा. मुलं जागी राहतात." मी नको म्हणालो, कारणही सांगितलं. तरी सकाळी माझी ओळख करून देता देता त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मग माईक माझ्या हातात दिला.

समोर अकरावी-बारावीची मुलं, व्यासपीठावर प्राचार्य आणि वाहतूक शाखेचे दोन पोलीस. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर कलम १९९अ खाली पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग हात कोण वर करणार? बाहेर स्कूटरींची रांग लागलेली आणि हॉलमध्ये एक हात नाही. मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. खरं उत्तर दिलं तर अंगाशी येईल, असा प्रश्न विचारला की मुलं खोटं बोलतात. आणि पहिल्याच मिनिटाला खोटं बोललेला श्रोता पुढचं काही मनावर घेत नाही.

पण मला खरी चीड आली ती पुढच्या प्रकाराची. हॉल शांत होईना म्हणून सरांनी माईक परत घेतला आणि गेल्या वर्षी अपघातात गेलेल्या एका मुलाची गोष्ट सुरू केली. नाव घेतलं नाही. पण वळण सांगितलं, गाडी सांगितली, डोक्याचं काय झालं तेही सांगितलं. एवढ्याशा गावात नावाची गरज असते का? तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेली. ती त्याची चुलत बहीण होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सर बोलतच राहिले. नंतर अहवालात त्यांनी लिहिलं की वक्ते विद्यार्थ्यांना खिळवून ठेवू शकले नाहीत.

म्हणून सांगतो, गोष्ट सांगायचीच असेल तर ती दूरच्या जिल्ह्यातली घ्या, किंवा घरच्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन सांगा. जखमांचं वर्णन करू नका.

त्याच दिवशी दुपारी बारावी सायन्सच्या मुलांसमोर मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. प्रश्नच होता, पण कबुली मागणारा नव्हता, अंदाज मागणारा होता. "ताशी ६० ने गाडी भिंतीवर आदळली, तर ते कितव्या मजल्यावरून पडल्यासारखं?" कुणी पहिला म्हणालं, कुणी दुसरा. मग फळ्यावर त्यांच्याकडूनच गणित करून घेतलं. ६० भागिले ३.६, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. त्याचा वर्ग करून १९.६ ने भागायचं, कारण ते गुरुत्व त्वरणाच्या दुप्पट आहे. उत्तर १४ मीटर. तीन मीटरचा मजला धरला तर चौथ्या मजल्याच्याही वर. त्यांची इमारत दुमजलीच होती. मग एका मुलीने आपणहून ४० चं उत्तर काढलं, सहा मीटरच्या थोडं वर. वेग दीडपट झाला की उंची सव्वादोनपट होते, हे मला सांगावं लागलं नाही.

चकित करणारी माहिती द्यायची तर अशी द्या, ऐकणाऱ्याला स्वतः पडताळता येईल. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा खरा आहे, पण त्याने सुरुवात केली की हॉलमध्ये कुणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. तो नंतर येऊ द्या. शिवाय मजल्याची तुलना भिंत किंवा उभा ट्रक अशा न हलणाऱ्या वस्तूवरच्या धडकेला लागू पडते. गाडी घसरून माणूस फरफटत गेला तर हिशोब वेगळा. हे स्वतःहून सांगा, नाहीतर एखादा हुशार मुलगा तुम्हाला तिथेच अडवेल.

बाकी नेहमीचं आहेच. वेळेवर जा, आवाज तपासा, मुलांवर ओरडू नका.

आणि या सुरुवातीनंतर लगेच हेल्मेटच्या पट्ट्यावर या. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट धडकेत आधी उडून जातं. हेल्मेट सोबत न्या, पट्टा लावून एका मुलाला ते मागून पुढे ढकलून काढायला सांगा. निघालं, तर पट्टा सैल आहे. माईक दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. आयोजकांना आदल्या दिवशीच लिहून कळवा, की सुरुवात मी करणार आणि माझ्याआधी मुलांना कुणी काही विचारणार नाही.