कपाटातला कुबट वास

दौंड, ५ नोव्हेंबर

चि. सोनूस, मामाचे अनेक आशीर्वाद.

आजोबांचं कपाट उघडलं की कुबट वास येतो आणि पुस्तकांच्या कडांवर करडे ठिपके दिसतात, असं तू लिहिलंस. डांबरगोळ्या टाकल्यास तेही कळलं. त्या आधी काढ. त्यांनी कसर पळेल, बुरशी मरणार नाही, आणि कुबट वासावर दुसरा उग्र वास बसेल एवढंच.

शिरूर काय, दौंड काय, आपला मुलूख कोरडा. इथे बुरशी कशी आली, असं तुला वाटलं असेल. ठिपके नेमके कुठे आहेत ते बघ. पुस्तकं कपाटाच्या पाठीच्या पत्र्याला टेकून लावलेली असतील तर पत्र्याकडच्या कडांवर ते जास्त सापडतील. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो. दार बंद असल्याने ती ओल आतच राहते. लाकूड थोडी ओल शोषून घेतं, पत्रा काहीच घेत नाही. उलट रात्री तो लवकर गार पडतो आणि त्याला टेकलेल्या कागदांपाशी दमटपणा धरतो. त्यात ते कपाट न्हाणीघराच्या भिंतीला लागून आहे.

आता हवा कोरडी पडू लागली आहे, काम याच दिवसांत उरक. सकाळी दहा-अकरानंतर पडवीत सावलीला जुनी चादर अंथर. तोंडाला एन-९५ मास्क लाव, आणि दमा असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नकोस. एका ठिपक्यावर कोरड्या मऊ ब्रशचं टोक हलकेच फिरव. भुकटी उडाली तर बुरशी निद्रिस्त आहे, झाडायला हरकत नाही. चिकट डाग फासला गेला तर ती अजून ओली, जिवंत आहे. तशा पुस्तकाला ब्रश लावू नकोस. पानं पंख्यासारखी उघडून ते उभं ठेव आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळव. खोलीतला पंखा चालू असावा, पण झोत थेट पुस्तकावर नको, नाहीतर बीजं घरभर उडतील.

झाडताना शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे, एकाच दिशेने, पानामागून पान. ओलं फडकं, डेटॉल, ब्लिचिंग यातलं काहीही कागदाला लावू नकोस. शाई फुटते, कागद कमजोर होतो. कडक उन्हात तासन्‌तास ठेवलेली पुस्तकं पिवळी पडतात आणि पुठ्ठे वाकतात, तेव्हा तोही मोह नको. दिवाळी अंकांतली गुळगुळीत चित्रपानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नकोस. ती बहुधा फाटतातच. तशीच राहू दे.

वास सगळ्यात शेवटी. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात वाटीभर खाण्याचा सोडा ठेव. कोरडी, झाडलेली पुस्तकं शेजारी पानं सैल करून उभी कर आणि झाकण लाव. आठवडा-दोन आठवडे लागतात. वास राहिला तर सोडा बदल. पानांवर सोडा भुरभुरवू नकोस, तो शिवणीत अडकून बसतो. पुस्तक पुरतं वाळलेलं नसेल तर मात्र याच बंद टबात बुरशी पुन्हा धरेल.

तोवर कपाट रिकामं आहे. आतला पत्रा स्पिरिटच्या बोळ्याने पूस, जवळपास दिवा-काडी नको, आणि दिवसभर दारं उघडी ठेव. मग ते त्या भिंतीपासून हलव; दुसरी जागा नसेल तर निदान वीतभर पुढे ओढ. पुस्तकं मागच्या पत्र्यापासून चार बोटं पुढे राहतील, अशी लाव, दाटी करू नकोस. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायची नाहीत, धुतलेल्या सुती कापडात बांधायची. पुण्यात पेशवे दफ्तराचे कागद रुमालातच बांधलेले असत. कडुलिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर कडकडीत वाळलेला. हिरवा पाला स्वतःच ओल सोडतो.

काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते आत ठेव. आकडा साठच्या खाली राहिला की निश्चिंत. पावसाळ्यात वारा खेळवायचा म्हणून कपाट सताड उघडं ठेवतात, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असेल तर आपणच ओल आत घेतो. आधी यंत्र बाहेर धरून बघ, मग दार उघड.

एवढं करूनही तांबूस डाग राहतील. ते कागदात मुरलेले असतात आणि ब्रशने जात नाहीत. वाचता येतंय ना, मग खोडरबर घेऊन त्यांच्या मागे लागू नकोस.

कपाटातल्या जमिनीच्या खरेदीखताला मात्र तू ब्रश लावू नकोस. आधी फोटो काढ आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मागव. मूळ कागद कोरड्या कापडात गुंडाळून माझ्याकडे घेऊन ये, तो मी झाडून देतो.

तुझा,
मामा