हॉलची तारीख दुसऱ्याला दिली, तर तक्रारीचं पत्र कसं लिहाल?



दापोड्यातल्या एका गटाच्या मीटिंगला गेले होते. कर्जाचे हप्ते बाजूलाच राहिले, कारण एक ताई रडवेली होऊन बसली होती. मुलीच्या साखरपुड्यासाठी तिने हॉल घेतला होता. तारीख 7 डिसेंबर, रविवार. पत्रिका वाटून झाल्या होत्या. 19 नोव्हेंबरला मॅनेजरचा फोन आला, "ताई, त्या दिवशी हॉल मोकळा नाही, दुसऱ्या पार्टीला गेलाय. तुमचा ॲडव्हान्स घेऊन जा."

बायका म्हणाल्या, गोडाऊनवाल्या कुठल्यातरी कंपनीने जास्त पैसे दिले असतील. आपल्याकडे गोडाऊनं एवढी आहेत, की ते खरंही असेल. पण आपल्याकडे त्याचा पुरावा नव्हता, म्हणून पत्रात ते लिहायचं नाही असं मी पहिल्यांदाच सांगितलं. "तुम्ही पैसे खाल्ले" असं एक वाक्य आलं, की मॅनेजर त्या वाक्यावरच भांडत बसतो आणि तारखेचा मुद्दा मागे पडतो. तारीख पक्की होती आणि ती दिली नाही, एवढंच आपल्याला पुरतं.

मग मी विचारलं, पावती आहे का? होती. 12 ऑक्टोबरची, 15,000 रुपयांची. तिच्यावर कार्यक्रमाची तारीख आणि एकूण भाडं 45,000 लिहिलेलं. पैसे मोबाईलवरून पाठवले होते, म्हणजे व्यवहार क्रमांकही होता. ही पावती नीट बघायची असते. त्यावर फक्त "ॲडव्हान्स मिळाला" असेल आणि तारीख नसेल, तर मॅनेजर म्हणू शकतो की तारीख नुसती धरून ठेवली होती, पक्की नव्हती. तसं असेल तर व्हॉट्सॲपवरचं बोलणं शोधा. "7 तारीख फिक्स" असा त्याचा एक मेसेजही कामाला येतो. पावतीच्या मागे बारीक अक्षरात अटी छापलेल्या असतात, त्याही वाचा. "तारीख बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे" अशी एखादी ओळ बऱ्याचदा सापडते. त्या ओळीने तुमची तक्रार आपोआप संपत नाही, पण मॅनेजरचं पहिलं उत्तर तिथूनच येणार, म्हणून ती आधीच माहीत असलेली बरी.

फोनवरचं बोलणं हवेत जातं. म्हणून त्याच संध्याकाळी ताईच्या मुलाकडून मॅनेजरला एक मेसेज पाठवला: "आज दुपारी आपण फोनवर सांगितलंत की 7 डिसेंबरला हॉल देता येणार नाही. हे बरोबर आहे ना?" उत्तर आलं, "हो, सॉरी." एवढंसं उत्तर, पण हॉल त्यांनी नाकारला, आपण सोडला नाही, हे त्यातून लेखी मिळालं.

आता खरा प्रश्न. आपल्याला हवंय काय? तारीख की पैसे? हे घरात बसून आधी ठरवा, कारण दोन्ही मागत राहिलं की पत्र ढिलं पडतं. ताईने दुसऱ्या पार्टीला संध्याकाळची वेळ देता येईल का ते विचारून पाहिलं. नाही म्हणाले. हातात अठराच दिवस होते, म्हणून घरच्यांनी 20 तारखेला काल्हेरच्या बाजूला दुसरा हॉल घेतला. भाडं 55,000, म्हणजे 10,000 जास्त. ठिकाण बदललं म्हणून पत्रिकांना चिठ्ठ्या छापून लावल्या, त्याचे 2,400 झाले. दोन्हींच्या पावत्या ठेवल्या. इथे एक सांगते, रागाच्या भरात लाखाचा हॉल घेऊन फरक मागू नका. साधारण तसाच हॉल घेतला असेल तर तो फरक योग्य वाटतो.

मागणी अशी झाली: ॲडव्हान्स 15,000, भाड्यातला फरक 10,000, चिठ्ठ्या 2,400. एकूण 27,400. मग 21 तारखेला पत्र लिहिलं:

"प्रति, मॅनेजर व मालक, (हॉलचं नाव व पत्ता)

विषय: पक्की झालेली 7 डिसेंबर 2025 ही तारीख दुसऱ्यास दिल्याबाबत.

महोदय,
मी 12 ऑक्टोबर 2025 रोजी आपला हॉल मुलीच्या साखरपुड्यासाठी घेतला. एकूण भाडे 45,000 रुपये ठरले व 15,000 रुपये आगाऊ दिले. पावती क्रमांक … . 19 नोव्हेंबर रोजी आपण फोनवर हॉल देता येणार नाही असे सांगितले व त्याच दिवशी मेसेजवर ते मान्य केले. आमची काही चूक नसताना मला दुसरा हॉल 55,000 रुपयांस घ्यावा लागला आणि पत्रिकांत बदल करण्यास 2,400 रुपये खर्च आला. तरी आगाऊ रक्कम 15,000, भाड्यातील फरक 10,000 व छपाई 2,400 असे एकूण 27,400 रुपये 28 नोव्हेंबर 2025 पर्यंत द्यावेत. न दिल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.
सोबत: पावती, मेसेज व दोन बिलांच्या प्रती."

बघा, ताईंनो, पत्र एका पानात संपलं. "मनाला फार लागलं" हे ताईला लिहायचं होतं. मी अडवलं नसतं, पण तिच्या मुलीनेच ते खोडलं. मनस्तापाची भरपाई आयोगाकडे मागता येते, मॅनेजरकडे आधी बिलांचा हिशोब.

पत्रावर सही तिचीच हवी, जिच्या नावाची पावती. गटाच्या कार्यक्रमासाठी हॉल घेतला असेल, तर पावती गटाच्या नावावर घ्या, ठराव करा आणि अध्यक्ष-सचिव दोघींनी सही करा. पत्राच्या दोन प्रती करा. एक हॉलच्या ऑफिसात द्या आणि दुसरीवर तारीख व शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट सांगा आणि पोहोच मागा. हॉल ग्रामपंचायतीचा असेल, तर पत्र सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना द्या आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना.

पुढे काय झालं? पाचव्या दिवशी मॅनेजरने बोलावलं, 15,000 रोख समोर ठेवले आणि एक कागद पुढे केला: "रक्कम मिळाली, काही तक्रार नाही." इथेच सगळ्या फसतात. स्वतःचे पैसे परत मिळतायत या आनंदात सही होते, आणि मग फरक मागायला तोंड उरत नाही. आपल्या ताईने ते वाक्य खोडायला सांगितलं आणि स्वतः लिहिलं, "आगाऊ 15,000 मिळाले. बाकी 12,400 ची मागणी कायम." मॅनेजर चिडला, पण कागद बदलला.

बाकीच्यासाठी आम्ही ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवली. आयोगाचाही विचार केला होता. तिथे मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. पण निकालाला महिने लागतात, आणि आयोगात गेल्याने कार्यक्रमाआधी हॉल परत मिळेल असं कोणी समजू नये. विक्री प्रदर्शनासाठी हॉल घेतलेल्या गटांना तिथे "हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं ऐकायला मिळू शकतं. तेव्हा सांगायचं की हे आमच्या स्वतःच्या मेहनतीवरच्या पोटापाण्यासाठी आहे. पण 2019 च्या ग्राहक कायद्यातली स्वयंरोजगाराची सूट वस्तूंच्या खरेदीबद्दल लिहिलेली आहे, म्हणून हॉलच्या भाड्याला ती लागेलच असं नाही.

साखरपुडा 7 तारखेलाच झाला, काल्हेरला. डिसेंबरच्या शेवटी हॉलच्या मालकाने आणखी 8,000 दिले. 4,400 सोडायचे की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. ताईने सोडले. यावेळी मात्र "काही तक्रार नाही" खाली सही केली, पैसे हातात मोजून घेतल्यावर.