हिवतापाची गोळी आणि काळी लघवी : तांबड्या पेशीत काय घडते?

पावसाळ्यात वसई-विरारच्या वस्त्यांत हिवताप आला, रक्ततपासणीत 'व्हायवॅक्स' निघाला, की क्लोरोक्विनसोबत प्रायमाक्विनची गोळी मिळते. मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवस. यकृतात लपून बसलेले जंतू पुन्हा ताप आणू नयेत, म्हणून ती पूर्ण घ्यायची असते. पण समजा, नालासोपाऱ्यातील एका पंचवीस वर्षांच्या मुलाने ती सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे दिसू लागले, जिना चढताना धाप लागली. घरचे म्हणतील, कावीळ झाली. पण इथे बिघाड यकृतात नाही, तांबड्या पेशीत आहे.

प्रत्येक पेशी ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवते. त्यातले थोडे ग्लुकोज मात्र ती आडवाटेने नेते. या वाटेला पेंटोज फॉस्फेट मार्ग म्हणतात. इथे ऊर्जा नाही, दोन वेगळ्या वस्तू मिळतात : एनएडीपीएच आणि रायबोज.

एनएडीपीएच कशाला लागते? प्रायमाक्विन शरीरात गेल्यावर पेशीला जाळणारी द्रव्ये तयार होतात. ग्लुटाथायोन त्यांना निकामी करते, पण ते करताना स्वतः खर्च होते. त्याला पुन्हा कामाला लावते ते एनएडीपीएच. ते नसेल तर हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होतात आणि पेशी फुटते. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन लघवीत उतरते, म्हणून लघवी काळी होते. रायबोज ही पाच कार्बनची साखर आहे. डीएनए आणि आरएनए बांधायला ती लागते, म्हणून जिथे नव्या पेशी तयार होतात तिथे तिची गरज जास्त.

या मार्गाचे दोन टप्पे आहेत. पहिला ऑक्सिडीकरणाचा. त्यात सहा कार्बनच्या ग्लुकोज-६-फॉस्फेटमधून एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, दोन एनएडीपीएच मिळतात आणि पाच कार्बनची साखर उरते. ही वाट एकाच दिशेची, परत फिरता येत नाही. तिच्या दारावरचे विकर म्हणजे जी-६-पीडी.

दुसऱ्या टप्प्यात ऑक्सिडीकरण नाही, एनएडीपीएचही मिळत नाही. इथे साखरांचे कार्बन इकडून तिकडे जातात. पाच कार्बनच्या तीन साखरा, म्हणजे पंधरा कार्बन. त्यातून सहा कार्बनच्या दोन आणि तीन कार्बनची एक साखर होते, आणि त्या पुन्हा ऊर्जेच्या मुख्य वाटेला लागतात. ही वाट मात्र दोन्ही दिशांनी चालते.

आता त्या मुलाकडे परत येऊ. त्याच्यात जन्मापासून जी-६-पीडी कमी आहे. मग तो पंचवीस वर्षे धडधाकट कसा राहिला? कारण रायबोज दुसऱ्या टप्प्याच्या उलट वाटेनेही तयार होते. एनएडीपीएच बनवायलाही इतर पेशींकडे आणखी मार्ग आहेत. तांबड्या पेशीकडे मात्र हा एकच. तिच्यात केंद्रक नाही, त्यामुळे झिजलेले विकर ती नव्याने बनवू शकत नाही. म्हणून रोजच्या दिवसात निभावते आणि गोळीचा ताण आला की पेशी फुटतात, जुन्या आधी.

ही उणीव एक्स गुणसूत्रावरून येते. म्हणून मुलांमध्ये ती जास्त दिसते, आणि मुलाला ती आईकडून मिळते. मुंबईच्या पारशी समाजात तिचे प्रमाण जास्त असल्याचे १९६०च्या दशकातच नोंदले गेले, पण ती कुण्या एका समाजाची नाही.

तिची एक तपासणी सोपी आहे. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून कागदावर टाकतात आणि अतिनील प्रकाशात पाहतात. एनएडीपीएच तयार झाले तर ठिपका चमकतो, नाही तर अंधारा राहतो. पण पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर जुन्या गेलेल्या आणि नव्या, भरपूर विकराच्या पेशी उरलेल्या असतात. तेव्हा ठिपका खोटाच चमकू शकतो. म्हणून सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. एकाच एक्सवर दोष असलेल्या स्त्रियाही यात निसटू शकतात.

म्हणून प्रायमाक्विन सुरू असताना आम्ही रोज लघवीचा रंग पाहायला सांगतो. ती काळी वा गडद लाल झाली, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि गोळीचे पाकीट सोबत न्या. काही त्रास नसेल तर गोळी मध्येच सोडू नका. उणीव असलेल्यांना डॉक्टर आपल्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे असा वेगळा डोस देऊ शकतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देत नाहीत. आणि ज्या घरात ही उणीव आहे, तिथे कपड्यांत डांबरगोळ्याही ठेवू नका. त्यातले नॅफ्थलीन तांबड्या पेशींवर तसाच ताण आणते.