अल्कलिनिटीची दोन रीडिंगे : काय करावे, काय टाळावे

तळ्यातले दुपारचे हिरवट पाणी, 100 मिली नमुना आणि ब्युरेटमध्ये 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. यातले दुसरे रीडिंग सहसा दगा देत नाही. सांभाळायचे ते पहिले.

काय करावे

- बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि टायट्रेशन त्याच दिवशी उरका. वर हवा राहिली की कार्बन डायऑक्साइड आत-बाहेर होतो. त्याने एकूण अल्कलिनिटी बदलत नाही, पण कार्बोनेट-बायकार्बोनेटची वाटणी बदलते. विहिरीवर फिनॉल्फ्थॅलिनने गुलाबी न झालेले पाणी प्रयोगशाळेत गुलाबी झाले, तर तो बाटलीचा पराक्रम समजा.
- गुलाबी रंग जाईपर्यंत (पीएच 8.3) फ्लास्क हलक्या हाताने फिरवा. जोरात घुसळले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि रंग आधीच उडतो.
- मग त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाका. पिवळ्याचा नारिंगी झाला की थांबा (पीएच 4.5 च्या आसपास). लालबुंद झाला म्हणजे हात पुढे गेला.
- दुसरे रीडिंगही शून्यापासूनच मोजा.

आमच्या तळ्याच्या पाण्याला गुलाबी जायला 1.2 मिली लागले, नारिंगी यायला सुरुवातीपासून 16.8 मिली. या मापाने 1 मिली म्हणजे लिटरला 10 मिग्रॅ (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात), म्हणून P = 12 आणि T = 168. पहिल्या टप्प्यात कार्बोनेटचे फक्त बायकार्बोनेट होते, म्हणजे निम्मेच काम होते. म्हणून कार्बोनेटचा वाटा 2P = 24, बायकार्बोनेटचा T − 2P = 144.

काय टाळावे

- T मधून P एकदाच वजा करून 156 ला बायकार्बोनेट म्हणू नका. त्यातले 12 कार्बोनेटच्या उरलेल्या अर्ध्याचे आहेत. वह्यांमध्ये सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच.
- 24 आणि 144 हे थेट आयनांचे वजन म्हणून लिहू नका. कार्बोनेटला 0.6 ने आणि बायकार्बोनेटला 1.22 ने गुणा : 14.4 आणि सुमारे 176 मिग्रॅ प्रति लिटर.
- नळाच्या पाण्यातला क्लोरीन तसाच ठेवू नका, तो दर्शकाचा रंग उडवतो. थायोसल्फेटचा एक थेंब पुरतो.
- नमुना गाळू नका, पातळही करू नका.
- P हा T च्या निम्म्याहून जास्त आला तर हे सूत्र लावू नका. तिथे हायड्रॉक्साइड असते : 2P − T. नैसर्गिक पाण्यात हे क्वचितच घडते, म्हणून आधी नव्या सिमेंटच्या टाकीची किंवा चुन्याची चौकशी करा.
- सांडपाणी मिसळलेल्या नाल्याला ही वाटणी लावू नका. फॉस्फेट, अमोनिया हेही आम्ल खातात. तिथे फक्त एकूण आकडा द्या.